प्लँक किती वेळ नव्हे, कुठपर्यंत: शाळकरी खेळाडूंना शिकवणाऱ्यांसाठी

तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना प्लँक लावायला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, किती मिनिटं?" प्लँकमध्ये शरीर जागचं हलत नाही, त्यामुळे मोजण्यासारखी एकच गोष्ट आहे ती म्हणजे वेळ, असं मुलांना वाटतं आणि बऱ्याच शिक्षकांनाही वाटतं. मग स्पर्धा लागते आणि दोन मिनिटं टिकणारा पोरगा पहिला येतो. त्या दोन मिनिटांतली पहिली काही सेकंदंच त्याने बहुतेकदा पोटाच्या जोरावर पेललेली असतात. पुढचा सगळा वेळ त्याची कंबर खचलेली असते आणि वजन मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांवर आलेलं असतं.

प्रशिक्षकाने मोजायचा आकडा वेगळा आहे: या मुलाचा आकार कितव्या सेकंदाला मोडतो? तो सेकंद शोधायचा, त्याच्या अलीकडे सराव घ्यायचा आणि आठवड्या-आठवड्याने तो पुढे ढकलायचा. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत कबड्डी, खो-खो, क्रिकेटचे संघ तयार करणाऱ्या क्रीडाशिक्षकांना आणि गावातल्या दादा-ताईंना यासाठी जिम लागत नाही. एक जाड सतरंजी, साधारण सव्वा मीटर लांबीची सरळ काठी, एक भिंत आणि शाळेतला बाक पुरतो.

प्लँकमध्ये नेमकं काय टिकवायचं

पालथं होऊन कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर उचललं की गुरुत्वाकर्षण कमरेला खाली ओढतं. पोटाचे पुढचे आणि बाजूचे स्नायू आणि नितंबांचे स्नायू मिळून ती ओढ अडवतात. रेडरने पाय लांबवून टच करायला जावं आणि धड मात्र पाठीकडे झुकू नये, किंवा गोलंदाजाने चेंडू सोडताना कंबर मागे मोडू नये, तिथे हेच काम चालू असतं. पोटावरची चरबी या व्यायामाने उतरत नाही. मुलांनी विचारलं तर तसं स्पष्ट सांगावं.

या वयात एक गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी असते. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते. या काळात हाडं आधी लांबतात. स्नायूंची ताकद आणि शरीरावरचा ताबा त्यांच्या मागून येतो. कोपर ते चवडा हे अंतर वाढलं की तोच प्लँक जास्त जड होतो. म्हणून सातवीत छान प्लँक लावणारा मुलगा नववीत थरथरतो, त्याचा अर्थ त्याने सराव सोडला असा धरू नका. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून उंची मोजा. एका तिमाहीत दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर त्या मुलाला पुढच्या पायरीवर नेण्याची घाई करू नका, आणि गरज वाटली तर एक पायरी मागे आणा.

जागा आणि वेळ

खान्देशातली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. अशा मैदानावर एक कोपर उंचावर आणि एक खोलात राहिलं तर धड एका बाजूला वळतं, आणि ती चूक मुलाची समजून आपण त्याला बोलत राहतो. त्यामुळे प्लँकसाठी शाळेचा व्हरांडा किंवा वर्गातली फरशी बरी. सतरंजीची दुहेरी घडी कोपराखाली असली पाहिजे, नाहीतर हाड टोचतं म्हणून मूल वजन मागे टाकतं आणि आकार बिघडतो. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी सहा ते साडेसातच्या आत उरका. उन्हात तापलेल्या काँक्रीटवर हात टेकवायला लावू नका, कातडी भाजते. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या.

सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात. चार पायांवर येऊन पाठ हळू वर गोल करायची आणि हळू खाली सोडायची, सहा ते आठ वेळा. मग पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, नितंब आवळत कंबर वर उचलायची, दहा वेळा. दुसरा व्यायाम टाळू नका. नितंब आवळणं म्हणजे काय हे ज्या मुलाला कळलेलं नाही, त्याचा प्लँक कमरेतच खचतो.

पायरी १: पाठीवर झोपून आकार शिकवणे

प्लँक पालथ्या स्थितीत शिकवायला सुरुवात करू नका. पालथ्या मुलाला स्वतःची कंबर दिसत नाही आणि जाणवतही नाही. आधी पाठीवर झोपवा, गुडघे दुमडलेले, तळपाय जमिनीवर. मुलाने आपलाच हात कमरेखालच्या पोकळीत सरकवून पाहायचा. आता सांगा, "पट्ट्याचं बक्कल हनुवटीकडे वळव." कमरेचा भाग हातावर दाबला जातो. मग सांगा, "छातीच्या खालच्या बरगड्या खाली बसव." हे दोन्ही धरून तीन शांत श्वास घ्यायचे. पाच वेळा.

यात दोन गोष्टी पाहा. श्वास घेताना कमरेचा दाब सुटतो का, आणि मूल पोट आत ओढून श्वास रोखतं का. पोट आत ओढायचं नाही. कुणीतरी पोटावर बोटाने टोचणार आहे असं समजून ते घट्ट करायचं. हे ज्याला पाठीवर जमतं, त्यालाच पालथं करा. बहुतेकांना एक-दोन सत्रांत जमतं.

पायरी २: बाकावर आणि गुडघ्यांवर

बाकाच्या कडेवर कोपरं टेकवून, पाय मागे नेऊन तिरपा प्लँक लावायला सांगा. शरीर जितकं उभं, तितकं वजन कमी. बाक सरकणार नाही अशा बेताने तो भिंतीला लावून ठेवा. दहा सेकंदांचा आकार स्वच्छ आला की सतरंजीवर गुडघ्यांवरचा प्लँक.

गुडघ्यांवरचा प्लँक बहुतेक ठिकाणी चुकीचा घेतला जातो. मुलं गुडघे नितंबांच्या सरळ खाली ठेवतात, म्हणजे ती रांगायच्याच स्थितीत असतात आणि पोटावर काहीच भार येत नाही. गुडघे मागे नेऊन खांदा, कंबर आणि गुडघा एका ओळीत आले पाहिजेत. वजन गुडघ्याच्या वाटीवर न घेता तिच्या जरा वर, मांडीच्या खालच्या भागावर घ्यायचं. तिथे सतरंजीची आणखी एक घडी घाला.

पायरी ३: पूर्ण प्लँक

क्रम ठरलेला ठेवा, दरवेळी याच क्रमाने सांगा. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली. पुढचे हात एकमेकांना समांतर, खांद्याइतक्या अंतरावर, तळवे जमिनीवर सपाट. हाताची बोटं एकमेकांत गुंफायची नाहीत, कारण त्याने कोपरं बाहेर पसरतात आणि खांदे आत वळतात. पाय नितंबांच्या रुंदीइतके दूर, चवडे जमिनीवर. मग एक एक करून गुडघे उचला, मांड्या ताठ करा, नितंब आवळा, बक्कल हनुवटीकडे वळवा. शेवटी कोपरांनी जमीन दूर ढकला, म्हणजे दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा खाली खचणार नाही. नजर हाताच्या मधल्या जमिनीवर, मान पाठीच्याच ओळीत.

आता श्वास. नाकाने घ्यायचा आणि चुलीत फुंकणीने फुंकल्यासारखा तोंडाने हळू सोडायचा. असे तीन श्वास म्हणजे साधारण दहा सेकंद. घड्याळाऐवजी श्वास मोजायला लावले की दोन फायदे होतात. मूल दम रोखून धरू शकत नाही आणि शेजाऱ्याशी वेळेची चढाओढही सुटते.

तीन श्वास झाले की खाली बसायचं, दहा सेकंद सैल व्हायचं आणि पुन्हा लावायचा. असे पाच, मग एक मिनिट विश्रांती, मग चार, पुन्हा विश्रांती, मग तीन. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात मणक्यावर अनेक वर्षं काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल याच पद्धतीने दहा-दहा सेकंदांचे धरणे, म्हणजे तेवढा वेळ आकार टिकवणं, आणि उतरता क्रम सुचवतात. थकवा वाढत जातो तसा भार कमी होत जातो, त्यामुळे शेवटचा प्लँकही पहिल्याइतका नीट राहू शकतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, इतकं पुरे. पाठीवर दप्तर, वजनाची प्लेट किंवा लहान भाऊ बसवून प्लँक घेणं या वयात बंद करा.

कंबर खचणे: सगळ्यात जास्त वेळ या चुकीला द्या

दहापैकी सात-आठ वेळा तुम्ही हीच चूक दुरुस्त करणार आहात, म्हणून ती नीट ओळखायला शिका. काठी मुलाच्या पाठीवर लांबीने ठेवा. तिने तीन ठिकाणी टेकलं पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड. कमरेत काठी आणि पाठ यांच्यामध्ये थोडी पोकळी असतेच, ती नैसर्गिक आहे. त्या पोकळीत तुमचा आडवा पंजा जेमतेम सरकत असेल तर ठीक. तिथे मूठ सहज गेली तर कंबर खचली आहे. काठी डोक्याला टेकतच नसेल तर मान खाली लोंबते आहे. डोकं टेकलंय पण फऱ्यांना काठी टेकत नसेल तर मूल समोर पाहतंय.

पण काठी सगळं पकडत नाही. नितंब वर उचलून तंबू केलेल्या मुलाच्या पाठीवरही काठी तिन्ही ठिकाणी टेकू शकते, कारण त्याचं धड सरळच असतं आणि वाकलेला असतो तो मांडी आणि धडाचा सांधा. म्हणून काठी उचलल्यावर दोन पावलं बाजूला जा आणि खांदा, कंबर, घोटा एका ओळीत आहेत का ते पाहा.

कंबर का खचते? तीन कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. काठी लावूनही कारण न शोधता "कंबर वर, कंबर वर" असं ओरडत राहिलं तर मूल नितंब उचलून तंबू करतं आणि तुम्हाला एका चुकीच्या जागी दुसरी मिळते.

पहिलं कारण म्हणजे मुलाला आकार माहीतच नाही. पहिल्या सेकंदापासून कंबर खचलेली असते. याला पायरी १ वर न्या, पाठीवर झोपवा. ताकद कमी आहे असं समजू नका.

दुसरं कारण म्हणजे नितंब झोपलेले. सुरुवात ठीक होते, पाच-सहा सेकंदांत कंबर हळूहळू खाली येते आणि गुडघे किंचित वाकतात. त्याला एकच वाक्य सांगा, "मांड्या ताठ कर, नितंब आवळ." बहुतेकांची कंबर लगेच जागेवर येते. आली तर ताकद आहे, सवय नाही. दर धरण्याच्या सुरुवातीला ते वाक्य स्वतः म्हणायला लावा.

तिसरं कारण म्हणजे खरोखर दमणं. सूचना देऊनही कंबर वर येत नाही, पोट थरथरतं, श्वास तुटक होतो. इथे सूचना थांबवा आणि मुलाला खाली बसवा. तोच त्याचा मोडण्याचा सेकंद. वहीत तो लिहा. पुढच्या सत्रात धरण्याचा वेळ त्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी कमी ठेवा, किंवा बाकावर आणा.

मुलाला नेमकं कुठे जाणवतंय हे दरवेळी विचारा. "पोटात जळतंय" किंवा "पोट थरथरतंय" हे उत्तर हवं. "कंबरेत टोचतंय" असं उत्तर आलं तर त्या दिवसापुरता प्लँक संपला. आपल्याकडची पोरं "काही नाही होत सर" म्हणून वेळ मारून नेतात, त्यामुळे बोटाने जागा दाखवायला सांगा.

बाकीच्या चुका

नितंब वर जाणे हे बहुतेकदा दमल्यावर सुटका शोधणं असतं, वजन खांद्यांवर जातं आणि पोटाला सुट्टी मिळते. पाय अर्धी टाच मागे घ्यायला सांगा, आणि तरीही नितंब वर जात असतील तर धरणं लहान करा.

खांदे कानाकडे चढतात आणि फऱ्यांच्या मधली जागा खाली बसते, तेव्हा मूल स्नायूंऐवजी सांध्यांवर लटकलेलं असतं. वरून पाहिलं तर फऱ्यांच्या कडा पंखासारख्या बाहेर आलेल्या दिसतात. भिंतीपाशी उभं राहून कोपरं टेकवायची आणि पाठ न हलवता फक्त भिंत दूर ढकलायची, असं दहा वेळा करून मग पुन्हा जमिनीवर आणा.

कोपरं पुढे गेलेली असणं ही चूक क्षुल्लक वाटते. कोपरं एक वीतभर पुढे गेली तरी प्लँक कितीतरी जड होतो, आणि पुढच्या पायऱ्यांत आपण मुद्दाम तेच करतो. नवख्या मुलाचा प्लँक लवकर मोडत असेल तर आधी कोपरं पाहा.

तळहातांवरचा प्लँक घेताना काही मुलींची कोपरं उलट्या बाजूला वाकलेली दिसतील, त्यांचे सांधे मुळातच लवचीक असतात. त्यांना कोपर केसभर वाकवून ठेवायला सांगा, नाहीतर सगळा भार सांध्याच्या बंधांवर येतो.

तुम्ही कुठे उभे राहता

तीस मुलांसमोर उभं राहून शिट्टी वाजवली तर तुम्हाला फक्त डोकी दिसतील. कंबर खचणं आणि नितंब चढणं बाजूनेच दिसतं. धड एका बाजूला वळणं पायांकडून दिसतं. कोपरांची जागा आणि मान समोरून दिसते. म्हणून मुलांना चुन्याच्या एका रेषेवर कोपरं ठेवून ओळीत लावा, म्हणजे एका टोकाला बसून सगळ्यांच्या कमरा एका नजरेत येतात. खाली बसा, उभ्याने वरून पाहिलं तर सगळ्यांच्याच पाठी सपाट वाटतात.

जोड्या लावा. एकाने प्लँक लावायचा, दुसऱ्याने काठी घेऊन त्याची कंबर पाहायची आणि मोडली की "बस भो" म्हणून थांबवायचं. पाहणाऱ्या मुलाला दर आठवड्याला एकच चूक पाहायला द्या. या आठवड्यात कंबर, पुढच्या आठवड्यात खांदे.

हात लावून दुरुस्त करण्यापेक्षा काठी आणि शब्द वापरा. मुलींच्या गटात ही गोष्ट विशेष पाळा, जोडीदार मुलगीच असू द्या. फोनवर व्हिडिओ घ्यायचा तर पालकांना विचारून, फोन सतरंजीच्या उंचीवर आणि मुलाच्या बाजूला ठेवून, आणि दाखवून झाल्यावर पुसून टाका.

साइड प्लँक

पुढचा प्लँक स्वच्छ झाला की लगेच साइड प्लँक सुरू करा, तो मागाहून कधीतरी घ्यायचा नाही. आधी गुडघे दुमडून: कोपर खांद्याखाली, वरचा हात कमरेवर, खालचा गुडघा आणि कोपर यांवर शरीर उचलायचं. खांदा, कंबर आणि गुडघा सरळ रेषेत. नितंब मागे सरकवून बसलेल्या मुलांना ही रेषा कधीच सापडत नाही, त्यांना सांगा, "कंबर पुढे ढकल." मग पाय सरळ, वरचा पाय खालच्या पायाच्या पुढे टेकवून. पावलावर पाऊल ही त्याहून अवघड पायरी.

इथल्या चुका दोन. वरचा खांदा पुढे झुकून छाती जमिनीकडे वळणे, आणि खालची कंबर जमिनीकडे लोंबणे. पहिल्या चुकीसाठी मुलाच्या पाठीमागे भिंत ठेवा: डोकं, दोन्ही खांदे आणि नितंब भिंतीला टेकलेले राहिले पाहिजेत. दुसरी दिसली की धरणं संपवा.

दोन्ही बाजूंचे मोडण्याचे सेकंद वेगवेगळे लिहा. वेगवान गोलंदाज आणि एकाच पायाने टच करणारे रेडर यांच्यात फरक बऱ्याचदा दिसतो. कमजोर बाजूने सुरुवात करा आणि तिच्यावर एक धरणं जास्त घ्या. चांगल्या बाजूचं कमी करू नका.

एक उदाहरण पूर्ण

समजा, चोपडा तालुक्यातल्या शाळेचा नववीतला मुलगा आहे, कबड्डीत रेडर, वय १४. गेल्या सहा महिन्यांत उंची पाच सेंटिमीटर वाढली आहे. "मी दीड मिनिट लावतो सर," असं तो सांगतो.

पहिल्या दिवशी त्याला हवा तसा प्लँक लावू द्या आणि बाजूने पाहा. सुरुवातीला काठी आणि कमरेमध्ये पंजा बसतो. नवव्या सेकंदाला गुडघे ढिले पडतात. १३व्या सेकंदाला मूठ आत जाते. त्याला सांगा, "मांड्या ताठ, नितंब आवळ." कंबर वर येते, पण १६व्या सेकंदाला पुन्हा खचते आणि आता सूचनेने सुधारत नाही. म्हणजे त्याचा खरा आकडा १६, आणि आपोआप टिकणारा १३. गुडघे दुमडून साइड प्लँक घेतल्यावर उजवीकडे २० सेकंद, डावीकडे ११.

पहिला आणि दुसरा आठवडा: पूर्ण प्लँक, तीन श्वासांचे म्हणजे दहा सेकंदांचे धरणे, पाच-चार-तीन. दर धरण्याआधी स्वतःच्या तोंडाने "मांड्या, नितंब, बक्कल" म्हणायचं. साइड प्लँक गुडघ्यांवर, आठ सेकंदांचे, डावीकडे चार आणि उजवीकडे तीन.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजा. सूचना न देता आकार २० सेकंद टिकला तर वेळ वाढवायची नाही, तोच दहा सेकंदांचा अवकाश ठेवून काम अवघड करायचं. नाहीच टिकला तर आणखी आठवडाभर तेच.

तिसरा आणि चौथा आठवडा: तळहातांवरचा प्लँक, पाय दीड फूट दूर. एक हात उचलून विरुद्ध बाजूच्या खांद्याला टेकवायचा आणि परत ठेवायचा. एका धरण्यात प्रत्येक हाताचे तीन. माकडहाडावर रिकामी अर्धा लिटरची पाण्याची बाटली आडवी ठेवा. हात उचलल्यावर ती घरंगळली तर धड वळलं. घरंगळत असेल तर पाय आणखी दूर करा आणि हात उचलण्याचा वेग निम्मा करा. पोरं इथे वेगाच्या मागे लागतात, आणि वेगाने केलं की बाटली पडायच्या आत हात खाली येतो, चूक लपते.

पाचवा आणि सहावा आठवडा: बाटली टिकायला लागली की पाय नितंबांच्या रुंदीवर आणा. साइड प्लँक पाय सरळ करून, दहा सेकंदांचे. डावी बाजू उजवीच्या दोन-तीन सेकंदांत आली असेल तर दोन्हीकडे सारखे धरणे घ्या. कोपरांवरच्या प्लँकमध्ये आता कोपरं चार बोटं पुढे सरकवून पाहता येईल, पण फक्त शेवटच्या दोन धरण्यांत.

सामन्याच्या दिवशी आणि आदल्या दिवशी हे काहीच घेऊ नका. दमलेल्या पोटाने रेड करणाऱ्याचं धड लवकर सुटतं.

कधी थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं

वाढीच्या वयात, विशेषतः वेगवान गोलंदाजांत आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्यांत, कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याच्या मागच्या भागाला ताणाने बारीक भेग पडू शकते. तिची खूण अशी: दुखणं बहुतेकदा कमरेच्या एकाच बाजूला, मागे वाकल्यावर वाढतं, खेळल्यावर वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. एका पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं की त्या बाजूला कळ येऊ शकते. असं असेल तर प्लँक, गोलंदाजी, रेड सगळं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गावात लचक उतरवणाऱ्याकडे किंवा नस बसवणाऱ्याकडे पाठवून कंबर पिळून घेऊ नका, भेग असेल तर ती वाढू शकते. पालकांना हे समजावून सांगणं प्रशिक्षकाचंच काम आहे, कारण मूल घरी बोलत नाही.

पायात मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप आणि कंबरदुखी एकत्र, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. खांद्यात किंवा मनगटात कळ असेल तर तळहातांवरचा प्लँक सोडा आणि पायरी १ चा पाठीवरचा सराव चालू ठेवा. मासिक पाळीत मुलीने नको म्हटलं तर कारण न विचारता बाजूला बसू द्या, ती स्वतः तयार असेल तर सराव चालतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परतलेल्या मुलाला पूर्वीच्या आकड्यावरून सुरू करू नका. पाठीवर झोपवून, कमरेखाली हात ठेवून, पहिल्या पायरीपासून घ्या, आणि वहीत नवा मोडण्याचा सेकंद लिहा.